बट, सो की बिकॉज? जागा बदलून पाहा

दोन वाक्यं जोडणारं इंग्रजी अव्यय प्रधानत्वसूचक, म्हणजे बरोबरीची वाक्यं जोडणारं, की गौणत्वसूचक, म्हणजे एक वाक्य दुसऱ्यावर अवलंबून ठेवणारं, हे ओळखायला ते त्याच्या वाक्यासकट उचलून सुरुवातीला ठेवा. 'आय स्टेड होम बिकॉज इट रेन्ड'चं 'बिकॉज इट रेन्ड, आय स्टेड होम' सहज होतं. म्हणून बिकॉज गौणत्वसूचक. 'इट रेन्ड, सो आय स्टेड होम' उलटून 'सो आय स्टेड होम, इट रेन्ड' केलं की वाक्य मोडतं. सो इथे प्रधानत्वसूचक, बटही तसाच.

बट-सोच्या दोन्ही बाजूंना कर्त्यासह पूर्ण वाक्य असेल तर आधी स्वल्पविराम द्या, नंतर नाही. 'ही ट्राइड बट फेल्ड'मध्ये दुसरा कर्ताच नाही, तिथे नको.

सो मात्र फसवतो. 'आय लेफ्ट अर्ली सो आय कुड कॅच द बस' यात सोपुढे 'दॅट' घालता येतो, म्हणजे तो हेतू सांगतोय. असा सो गौणत्वसूचक, त्याआधी स्वल्पविराम नको.