पैसे दिसले म्हणून लगेच रिझल्टिंग ट्रस्ट लिहू नका

इंग्लंडमध्ये इक्विटीचा पेपर देणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एक्स्प्रेस, रिझल्टिंग आणि कन्स्ट्रक्टिव्ह ट्रस्टच्या व्याख्या तुम्हाला येतातच. गोची होते ती प्रश्नात तिन्हींचे धागे एकत्र गुंतलेले असतात तेव्हा.

उदाहरण घ्या. मार्कने 3,00,000 पौंडांचं घर फक्त स्वतःच्या नावावर घेतलं. त्यातले 60,000 हेलनने खरेदीच्या वेळी दिले. "घर निम्मं तुझं," असं तो तोंडी म्हणाला. दोघं तिथे राहू लागले. पुढे माळ्यावर खोली काढायला तिने आणखी 20,000 घातले. आता ताटातूट झाली आहे.

सुरुवात एक्स्प्रेसपासूनच करा. शब्द स्पष्ट आहेत, मालमत्ता आणि लाभार्थीही ठरलेले आहेत. पण जमिनीच्या ट्रस्टला 1925 च्या लॉ ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम 53(1)(b) प्रमाणे सहीचा लेखी पुरावा लागतो आणि तो इथे नाही. बरेच जण इथेच पेन खाली ठेवतात. ठेवू नका! लेखी नसल्याने ट्रस्ट रद्द होत नाही, तो फक्त कोर्टात बजावता येत नाही. शिवाय कलम 53(2) रिझल्टिंग आणि कन्स्ट्रक्टिव्ह ट्रस्टना या अटीतून सोडतं. म्हणजे ते तोंडी वाक्य वाया गेलेलं नाही, ते पुढच्या पायरीवर पुन्हा वापरायचं आहे.

खरा सापळा यानंतर आहे. सिनियर्सच्या नोट्समधला "पैसे दिले की रिझल्टिंग" हा तक्ता मला अजिबात आवडत नाही, कारण त्यात घर कशासाठी घेतलं हा प्रश्नच नसतो. राहतं घर असेल तर स्टॅक विरुद्ध डाउडन (2007) आणि जोन्स विरुद्ध कर्नॉट (2011) नंतर विचार समान हेतूच्या कन्स्ट्रक्टिव्ह ट्रस्टने करायचा. मालकी एकाच्याच नावावर असल्याने हेतू आधी सिद्ध करावा लागतो. त्यासाठी मार्कचं वाक्य हा हेतूचा थेट पुरावा आणि त्यावर विसंबून हेलनने घातलेले पैसे हा तिने सोसलेला भार. वाटा किती, तर बोलणं झालं तेवढा, म्हणजे 50 टक्के.

रिझल्टिंग ट्रस्ट मात्र खरेदीच्या क्षणाकडेच बघतो. 3,00,000 पैकी 60,000, म्हणजे 20 टक्के. खोलीचे 20,000 त्यात धरता येत नाहीत, कारण ते नंतर आले. ही बेरीज करून 80,000 लिहिणं ही नेहमीची चूक.

आता तथ्य थोडं बदला. घर भाड्याने द्यायला घेतलं आणि वाट्याचं बोलणं कधी झालंच नाही. मग लॅस्कर विरुद्ध लॅस्कर (2008) धरून रिझल्टिंग पुढे येतो. तरी मार विरुद्ध कॉली (2017) एका ओळीत सांगाच: गुंतवणूक म्हटलं की आपोआप रिझल्टिंग होत नाही, संदर्भातून हेतू शोधावा लागतो. घर आज 5,00,000 चं असेल तर हेलनच्या हाती 2,50,000 पडतात की 1,00,000, हे याच निवडीवर ठरतं. म्हणून दोन्ही आकडे लिहा आणि कुठला का, तेही लिहा.