मेंबरशिप घेतात आणि दुसऱ्या महिन्यात सोडतात: माझ्या चॅनलवर काय चाललं

माझ्या हार्मोनियमच्या यूट्यूब चॅनलवर ₹१५९ ची एकच लेव्हल होती. लोक एखाद्या रागासाठी यायचे, महिनाभरात जायचे. फायदे वाढवले, तरी गळती तीच. फार वैताग आला. शेवटी हे चाललं:

आधी Studio मध्ये Earn, मग Memberships उघडून ₹२९ ची नवी लेव्हल जोडली. जुनी काढली नाही, चालू सभासद तिच्यावरच आहेत. खालच्या लेव्हलला बॅज, इमोजी आणि नोटेशन ठेवलं. एकदा लिहिलेलं नोटेशन कितीही जणांना पुरतं. माझा वेळ खाणारा लाइव्ह रियाज ₹१५९ लाच. खालचे फायदे वरच्यांना आपोआप मिळतात, म्हणून ते पुन्हा लिहू नका. मूळ धडे सर्वांना खुलेच ठेवले. आता सोडू पाहणारे बरेचजण ₹२९ वर थांबतात.