फ्लॅटचा ताबा घेताना या चुका टाळा: आधी कागद, मग पाणी, चावी शेवटी

गेल्या काही वर्षांत नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या दहा-बारा फ्लॅटच्या ताब्याला मी सोबत गेलो आहे. सगळे पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधले. बिल्डर वेगळे, इमारती वेगळ्या, चुका मात्र त्याच. यातल्या बहुतेक चुका घाईतून होतात, आणि ती घाई बिल्डरची कमी, आपलीच जास्त असते.

ताबा पत्र न वाचता सही करणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती माझ्या मेहुण्याने केली तेव्हा मी तासभर उशिरा पोचलो होतो.

त्याच्या करारात ताब्याची तारीख 31 मार्च 2022 होती. बिल्डरच्या ऑफिसमधून फोन आला 2023 च्या ऑक्टोबरमध्ये, ‘दसऱ्याला चावी घेऊन टाका, मुहूर्त चांगला आहे’. तोवर त्याने साठ लाख भरले होते. भटजी ठरले, पाहुणे निघाले. ऑफिसात त्याच्यापुढे चार-पाच कागद ठेवले गेले आणि त्याने सगळ्यांवर सह्या केल्या. मी पोचून ताबा पत्र वाचायला घेतलं, तर तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: सदनिका व सर्व सुविधा करारानुसार मिळाल्या असून विलंबाबाबत माझी कोणतीही तक्रार नाही व भविष्यातही राहणार नाही. त्या दिवशी क्लबहाउसला दारं नव्हती, पोहण्याच्या तलावात बांधकामाचा राडा पडला होता आणि दोनपैकी एकच लिफ्ट चालू होती.

‘भावोजी, खाली पाहुणे थांबलेत. नंतर बघू ना,’ तो म्हणाला.

त्या ‘नंतर’चा हिशोब करू. घर खरेदीदारांचे हक्क जपणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार तुम्ही फ्लॅट सोडत नसाल, तर ताबा मिळेपर्यंत विलंबाच्या प्रत्येक महिन्याचं व्याज बिल्डरने द्यायचं असतं. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर, म्हणजे कर्जासाठीचा पायाभूत व्याजदर, अधिक दोन टक्के असा ठरतो. सोयीसाठी साडेदहा टक्के धरा. साठ लाखांवर महिन्याला 52,500 रुपये होतात. पूर्ण 18 महिनेच मोजले तरी 9 लाख 45 हजार.

वकिलाने सांगितलं की सगळं गेलेलं नाही. ताबा घेतला किंवा खरेदीखत केलं म्हणून विलंबाच्या भरपाईचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये बंगळुरूच्या एका प्रकल्पात म्हटलं आहे. पण स्वतःच्या सहीचा कागद समोर असताना भांडण लांबतं. मेहुण्याचे हप्ते आणि भाडं दोन्ही चालू होतं, त्याच्यात ती ताकद उरली नव्हती. शेवटी दोन वर्षांचा मेंटेनन्स माफ करून घेऊन त्याने तडजोड केली. महिना साडेतीन हजारांप्रमाणे ते झाले 84 हजार.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आहे. ताबा पत्राचा मसुदा चार दिवस आधी ईमेलवर मागवायचा. ‘तक्रार नाही’ छापाचं वाक्य असेल तर ते काढायला सांगायचं. काढत नसतील तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहायचं: ‘विलंबाच्या व्याजाचा व अपूर्ण सुविधांबाबतचा हक्क राखून ताबा घेत आहे, सोबत दोषांची यादी जोडली आहे.’ तेही लिहू देत नसतील तर त्याच दिवशी, संध्याकाळ व्हायच्या आत, हाच मजकूर करारातल्या ईमेलवर आणि पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवायचा. मुहूर्त हुकला तर पुढचा धरता येतो. पाहुण्यांना तारीख सांगून मग कागद बघायला जाणाऱ्यांना मी आता सोबत येत नाही, असं स्पष्ट सांगतो.

ओसीसाठी ‘अर्ज केलाय’ हे चालवून घेणे

ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला. तो हातात नसेल तर चावी घेऊ नका. इमारतीच्या काही भागापुरती पार्ट ओसी असेल तर त्यात आपली विंग आणि आपला मजला आहे का, तेवढं वाचा. ओसी मिळाल्यावर मात्र दोन महिन्यांत ताबा घेणं ही कायद्याने आपली जबाबदारी आहे, म्हणून तपासणी उगाच लांबवू नका.

सुविधा माहितीपत्रकातून मोजणे

जाहिरातीतल्या खोट्या आश्वासनाबद्दलही दाद मागता येते, पण भांडायला सोपं पडतं ते कराराच्या परिशिष्टात लिहिलेलं. 2024 पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, सुविधांचा तपशील आणि त्या कधी मिळणार ती तारीख विक्री करारात देणं बंधनकारक केलं आहे. करार जुना असेल तर परिशिष्टाची झेरॉक्स घेऊन आवारात फिरा आणि प्रत्येक ओळीसमोर ‘आहे’, ‘अर्धवट’, ‘नाही’ लिहा, तारखेसह फोटो काढा.

पाणी न सोडता फ्लॅट ‘बघणे’

लोक रंग बघतात, टाइल्सची चमक बघतात आणि बाल्कनीत सेल्फी काढतात. फ्लॅटचे खरे दोष पाण्याने कळतात.

माझी पद्धत वेळखाऊ आहे, पण तिला पर्याय मला सापडलेला नाही. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवायचं, जमिनीवर इंचभर पाणी साठवायचं आणि कडेला पेन्सिलने खूण करून 24 तास सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटचं छत बघायचं. या काळात खालचा फ्लॅट बहुतेक रिकामा असतो आणि चावी सुपरवायझरकडे असते. लोक राहायला आले, फॉल्स सीलिंग झालं, की ही संधी गेली. छताला पाइपाभोवती ओल दिसली तर वॉटरप्रूफिंग फसलं आहे. मग फडकं काढून पाणी कुठे तुंबतं ते बघा, म्हणजे उतार कळतो.

माझ्या स्वतःच्या घरात मी हे केलं नाही. चावी मिळाली त्याच आठवड्यात इंटिरियरवाला आणला, बाथरूमच्या टाइल्स बदलल्या, नळाची जागा सरकवली. चार महिन्यांनी खालच्या काकूंच्या छतातून पाणी टपकू लागलं. रेरानुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो, हे मला माहीत होतं. बिल्डरच्या माणसाने करारातलं कलम दाखवलं: लेखी परवानगीशिवाय बाथरूम, स्वयंपाकघर किंवा पाइपात बदल केला आणि त्यातून गळती झाली, तर ही जबाबदारी संपते. गळती मुळातली की आमच्या फोडाफोडीची, हे मला सिद्ध करता आलं नाही. सगळं पुन्हा उखडायला सव्वा लाख गेले.

म्हणून आधी पाण्याची चाचणी, मग दोषांची यादी, मग दुरुस्ती, आणि त्यानंतरच इंटिरियर. टाइल्स बदलायच्याच असतील तर बिल्डरची लेखी संमती घ्या.

तक्रार सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर ठेवणे

तो सहा महिन्यांत दुसऱ्या साइटवर जातो. फोन जरूर करा, पण तक्रार ईमेलवरच नोंदवा. एका ईमेलमध्ये एकच दोष, फोटो, ताब्याची तारीख आणि ‘कलम 14(3) नुसार 30 दिवसांत दुरुस्ती करावी’ एवढी ओळ पुरते. दहा तक्रारी एकाच पत्रात कोंबल्या तर सोप्या दोन करून ‘काम पूर्ण’ असं उत्तर येतं. कामगार येऊन गेला की त्याच ईमेलला उत्तर देऊन लिहा, काय झालं आणि काय राहिलं. 30 दिवस उलटले तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क पाच हजार रुपये. तिथे हीच ईमेलची साखळी जोडायची असते.