‘ती घाबरली’ हे वाक्य सुधारताना या चुका टाळा

‘जिन्यावर पावलं वाजली आणि सुमन खूप घाबरली.’ पहिल्या खर्ड्यात असं वाक्य असायला काहीच हरकत नाही. घोळ होतो तो दुसऱ्यांदा हात फिरवताना.

‘घाबरली’ खोडून त्या जागी ‘छातीत धडधडू लागलं, घशाला कोरड पडली, हातपाय गार पडले’ असं लिहिलं जातं. हे शब्दप्रयोग इतके घासून गेलेत की वाचक त्यांच्या जागी ‘घाबरली’ असंच वाचतो. शिवाय ती नेमकी कशाला घाबरली, हे त्यातून कळत नाही. निकालाच्या दिवशी, दवाखान्याच्या बाकावर, भुताच्या गोष्टीत, कुठेही ही वाक्यं चालतील. तपासायचं असेल तर वाक्य उचलून दुसऱ्या कथेत ठेवून पाहा. तिथेही चपखल बसलं, तर ते सुमनचं नाही.

म्हणून आधी ठरवा: तिला काय व्हायला नको आहे आणि ते टाळायला ती काय करेल? समजा, जिन्यावर वसुलीवाला आहे आणि आपण घरात आहोत हे सुमनला त्याला कळू द्यायचं नाही. मग तिची सगळी भीती आवाजात आहे.

‘जिन्यावर पावलं वाजली. कुकरची शिट्टी व्हायच्या आत सुमनने गॅस बंद केला. बांगड्या कोपराकडे सरकवल्या, घट्ट बसेपर्यंत. पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली. तिचं दार तिसऱ्यावर होतं.’

इथे कुणी थरथरत नाही. भात कच्चा राहिला तरी चालेल, पण शिट्टी नको, एवढ्यावरून भीती किती आहे ते कळतं. तीच पावलं जेवायला उशीर झाला की हात उगारणाऱ्या नवऱ्याची असती, तर सुमनने गॅस बंद केला नसता, मोठा केला असता. भीतीचं कारण बदललं की कृती बदलायलाच हवी. बदलत नसेल तर ती कृती वरवरची आहे.

एवढं जमल्यावर बरेच जण शेवटी ‘ती प्रचंड घाबरली होती’ हे जोडतातच. वाचकाला कळलं नसेल, अशी धास्ती लेखकालाच असते. ते वाक्य काढा. ‘तिला पावलं वाजल्यासारखी वाटली’ हेही जपून वापरा. पावलं खरीच वाजली की भास झाला, हा प्रश्न कथेत असेल तरच ते ठेवा, नाहीतर वाचक आणि जिना यांच्यामध्ये उगाच पडदा येतो.

प्रत्येक ठिकाणी हा खटाटोप करू नये. ‘त्या वर्षभर सुमन दारावरच्या प्रत्येक थापेला घाबरायची’ हे वाक्य काळ पुढे सरकवतं. ते आहे तसंच ठेवावं. तिथे कुकर आणि बांगड्या आणल्या, तर आता काहीतरी घडणार म्हणून वाचक उगाच थांबून राहील.