स्क्रीनचा फोटो काढताना या चुका टाळा: मॉयरेच्या लाटा आणि बदललेली अक्षरं

रावपुऱ्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका आणि हल्ली बडोद्यातल्या मराठी घराण्यांचे कुलवृत्तांत. मजकूर पूर्वी वहीत लिहून यायचा. आता येतो तो कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि त्यावर इंद्रधनुष्यासारख्या लाटा. या लाटांना मॉयरे म्हणतात. लोकांना वाटतं, लाटा दिसायला वाईट आहेत एवढंच, अक्षरं तर वाचता येतात. खरी चूक इथेच होते, आणि मीसुद्धा ती केली आहे.

एका घराण्याच्या कुलवृत्तांताची यादी काकांच्या जुन्या विंडोज ७ वर होती, फॉन्ट युनिकोडच्या आधीचा. फाइल माझ्याकडे आली की नुसतं चिंध्यांसारखं दिसायचं, म्हणून पुतण्याने स्क्रीनचे चौसष्ट फोटो काढले. एका दुपारीत, एकामागून एक. "काका, फोटो मस्त आलेत, झूम करून बघा!" मी झूम केलं, आकडे अगदी ठसठशीत दिसले, टाइप करून टाकले. प्रूफ त्या घरी गेलं आणि दुसऱ्या दिवशी फोन आला तो त्यांच्या आत्याचा, वय नव्वदीच्या पुढे. "मला आठ वर्षांनी धाकटी कुणी केलं हो?" १९३१ चं १९३९ झालं होतं. १९३३ साली जन्मलेला भाऊ त्यामुळे आत्याहून थोरला ठरला होता. शिवाय तीन ठिकाणी 'शंकर' चा 'शकर' झाला होता, एका 'चिंतामण' चा अनुस्वार गेला होता. अख्खा फर्मा पुन्हा लावला. पैसे मागायला तोंड नव्हतं, कारण वाचणारा मीच होतो.

हे का झालं ते समजून घ्या. स्क्रीनचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे शेजारी शेजारी लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही ठिपक्यांची जाळी असते, आणि तिच्यात आडव्या ओळीत लाल टिपणारा ठिपका एकाआड एक येतो. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले की तिसरीच नक्षी दिसते ना, तसंच. त्या काकांचा मॉनिटर १९२० पिक्सेल रुंद, पुतण्याचा फोटो ४००० पिक्सेल रुंद. त्याने स्क्रीन कडेपासून कडेपर्यंत बसवली. म्हणजे लाल टिपणारे ठिपके २०००, आणि टिपायच्या लाल पट्ट्या १९२०. फरक ८०, म्हणून फोटोत ऐंशी लाटा. स्क्रीन जरा आत घेऊन ३८४० पिक्सेलमध्ये बसवली असती तर जुळणी बरोबर दोनास एक झाली असती आणि लाटांऐवजी मोठे रंगीत डाग पडले असते. हात वीतभर हलला तरी लाटांची संख्या बदलते ती याचमुळे.

आता अक्षराचं बघा. शंभर टक्के झूमला बारीक मजकुराचा आकडा जेमतेम सहा-सात पिक्सेल रुंद असतो. अनुस्वार एक किंवा दोन पिक्सेलचा. '१' आणि '९' यांच्यातला फरक त्या वळणातल्या दोन-तीन पिक्सेलवर टिकलेला. लाटेच्या गडद भागात तो फरक सापडला की गेलाच. वर फोन स्वतःहून कडा तीक्ष्ण करतो, त्यामुळे अक्षर पुसट न होता चक्क दुसरंच होऊन ठळक दिसतं. पुसट असतं तर मी विचारलं असतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते 'फोन थोडा तिरका धरा, लाटा जातात' या सल्ल्याने. हो, मोठ्या लाटा जातात. पण वरच्याच हिशेबात फोन दहा अंशांनी फिरवला तर लाटेची रुंदी पन्नास पिक्सेलवरून अकरा-बारावर येते. म्हणजे स्क्रीनचे साडेपाच-सहा पिक्सेल, बरोबर एका आकड्याच्या मापाची. नजरेला फोटो स्वच्छ वाटतो आणि लाट थेट अक्षरात शिरलेली असते. फुलझाडाचा किंवा नवीन लॅपटॉपचा फोटो दाखवायचा असेल तर तिरका धरा. वाचायचा असेल तर नको.

माझी सवय अशी. आधी मजकूरच स्क्रीनवर २०० टक्के मोठा करायचा. आता अनुस्वारही चार पिक्सेलच्या घरात जातो. मग फोन जवळ न्यायचा, फ्रेममध्ये स्क्रीनची फक्त अर्धी रुंदी येईल इतका. बावीस इंची मॉनिटरसाठी हे साधारण वीतभर अंतर होतं. आता स्क्रीनच्या एका पिक्सेलमागे फोटोचे चार पिक्सेल येतात. पट्ट्यांची जाळी स्पष्ट दिसेल, दिसू दे. जाळी दिसली म्हणजे अक्षर शाबूत आहे. फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून, स्क्रीनला समांतर, तीन सेकंदांचा टायमर. फार जवळ गेलात की फोकस लागत नाही, मग थोडं मागे या. फोकस मुद्दाम किंचित हलवला तर लाटा विरतात, पण हे फक्त मोठ्या अक्षरांसाठी. बारीक अक्षरांचे अनुस्वारही सोबत विरतात. फोनमधला बोटांनी केलेला झूम हा उपाय नाही, तो आधीच टिपलेलंच फुगवतो.

प्रत्येक पानाचे दोन फोटो घ्या, दुसरा चार-पाच सेंटीमीटर मागून. दोन्हींत जे सारखं आहे ते स्क्रीनवरचं. जे बदललं ते मॉयरे. घाई असलेल्यांना हे दुप्पट काम वाटतं.

फोटो फोनवर छोटा करून पाहताना दिसणाऱ्या लाटा फोटोत नसतीलही. झूम बदलला की लाटांचा आकार बदलतो का ते बघा. बदलत असेल तर त्या तुमच्या फोनच्या स्क्रीनवरच्या आहेत, फाइलमधल्या नाहीत. पूर्ण मोठा करूनच निकाल द्या.

फोन स्थिर असतानाही सरकणारे काळे आडवे पट्टे मॉयरे नव्हेत, तो स्क्रीनचा लुकलुकाट. शटर १/३० ठेवा.

व्हॉट्सॲपवर नुसता फोटो पाठवलात तर तो लहान होतो आणि लाटा नव्याने पडतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बिघडलेला फोटो आलाच असेल तर फोटो एडिटरमध्ये फक्त हिरवा चॅनेल उघडून वाचा. सेन्सरचे निम्मे ठिपके हिरव्याचे असतात, त्यामुळे तो सगळ्यांत कमी बिघडतो. पण जे टिपलंच गेलं नाही ते कुठलाही फिल्टर परत आणत नाही.

आणि फोटोची गरज होती का? विंडोज ७ मध्ये पीडीएफ प्रिंट आयती नसते हे खरं. पण PrtSc दाबून पेंटमध्ये चिकटवलं आणि पेनड्राइव्हवर दिलं, की फॉन्ट कुठलाही असो, प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा येतो. मी पुतण्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चौसष्ट वेळा पेंट उघडायचं?" त्याने दोनशे टक्क्यांवर, पुस्तकांच्या थप्पीवरून, पुन्हा फोटो काढले. या खेपेला दोनशे छप्पन्न निघाले.