या चुका टाळा: परतीचे सात दिवस नेमके कोणत्या तारखेपासून मोजायचे?

आमच्या वाकडच्या सोसायटीत पार्सल आधी गेटवर येते आणि मुदत मोजण्यातली पहिली चूक तिथेच होते. माझ्याच मिक्सरचे उदाहरण घ्या. १२ ऑक्टोबर २०२४ ला, म्हणजे दसऱ्याला, मी तो ऑनलाइन मागवला आणि त्याच तारखेचे बिल निघाले. सोमवारी, १४ तारखेला, तो गेटवर आला, तेव्हा मी कचेरीत होतो. सुरक्षारक्षकाने फोन केल्यावर मी ओटीपी सांगून टाकला. खोका घरात आला बुधवारी, १६ ला, आणि परतीचे सात दिवस मी त्या बुधवारपासून मोजून २३ तारीख मनात पक्की केली. भांड्याचे झाकण नीट बसत नाही म्हणून मंगळवारी, २२ च्या संध्याकाळी, ॲप उघडले, तर परतीचे बटण नाहीसे झाले होते.

ओटीपी दिला त्या क्षणी विक्रेत्याच्या लेखी माल पोहोचला होता. खोका केव्हा फोडला, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. १४ तारीख सोडून मोजले तर मुदत २१ ला संपते, ती धरून मोजले तर २० लाच. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ नुसार कायद्यात 'पासून' हा शब्द असला की पहिला दिवस वगळतात. पण दुकानाच्या अटी म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे या आधारावर एका दिवसाची चैन करू नये. बहुतेक ॲपवर ऑर्डरच्या तपशिलात परतीची शेवटची तारीख दिलेली असते. बोटे मोजण्याऐवजी माल आल्याच दिवशी तिचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि दोन दिवस आधीचा गजर लावावा.

वॉरंटीचे गणित वेगळे आहे, कारण ती सहसा बिलाच्या तारखेपासून सुरू होते. माझ्या मिक्सरची एक वर्षाची वॉरंटी त्या हिशेबाने ११ ऑक्टोबर २०२५ ला संपली, १४ ला नाही आणि १६ लाही नाही. तापकीर गल्लीतून सणाच्या सवलतीत पंखे किंवा गीझर घेऊन नव्या फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत खोक्यातच ठेवणाऱ्यांचे नुकसान याहून मोठे असते, कारण चार महिने वस्तू न वापरताच निघून जातात. काही कंपन्या बसवल्याच्या दिवसापासून मोजतात, परंतु तसे वॉरंटी कार्डावर लिहिलेले असले पाहिजे. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनाचा तिथे उपयोग होत नाही. वॉरंटीत वस्तू बदलून मिळाली, तरी तिच्यावर साधारणपणे जुन्या वॉरंटीचे उरलेले दिवसच लागू होतात, नवे वर्ष मिळत नाही.

शेवटचा दिवस रविवारी आला आणि सेवाकेंद्र बंद असले, तर सोमवार आपोआप मिळेल असे गृहीत धरू नये. अशा वेळी त्याच दिवशी ॲपवर किंवा ईमेलने तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तंत्रज्ञ चार दिवसांनी आला, तरी तक्रार मुदतीत केल्याचा पुरावा त्या क्रमांकामुळे हाती राहतो.