पाच रीडिंग जुळली म्हणजे काम झालं असं नाही

मायक्रोमीटर कसा धरायचा, रॅचेट कसं फिरवायचं, झिरो कसा तपासायचा हे तुम्हाला येतं असं मी धरून चालतो. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या ओळीबद्दल, रिपोर्टमध्ये ‘२५.००८ मिमी’ असं लिहून आपण खाली सही करतो त्याबद्दल. हा आकडा अपुरा आहे. तो किती मागेपुढे असू शकतो हे सोबत नसेल, तर वाचणाऱ्याला त्यावरून निर्णय घेता येत नाही.

एक स्टीलची पिन घेऊ. ड्रॉइंगवर व्यासाची वरची मर्यादा २५.०१० मिमी आहे. एक मायक्रॉनपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल मायक्रोमीटरने पाच रीडिंग घेतली: २५.००७, २५.००९, २५.००८, २५.००७, २५.००९. सरासरी २५.००८, म्हणजे मर्यादेच्या दोन मायक्रॉन आत. पिन पास करायची?

इथेच बहुतेक जण अडकतात. हा भाग डोक्यात बसायला मलाही फार वेळ लागला, म्हणून सावकाश सांगतो. या पाच रीडिंगचं प्रमाण विचलन एक मायक्रॉन येतं. त्याला √५ ने भागलं की सरासरीची प्रमाण अनिश्चितता साधारण ०.४५ मायक्रॉन. दुप्पट केली तर ०.९. आपल्याला वाटतं, झालं, २५.००८ अधिक ०.०००९, अजूनही आत, पिन पास. पण रीडिंग एकमेकांशी जुळतात याचा अर्थ एवढाच, की तोच माणूस, तेच उपकरण, तीच पिन आणि तीच वेळ असताना आकडा फार हलत नाही. मायक्रोमीटर स्वतःच थोडा जास्त दाखवत असेल, तर पाचही रीडिंग तेवढीच जास्त येतील आणि तरीही सुंदर जुळतील. जुळण्यातून ते कधीच दिसणार नाही.

म्हणून बाकीचे स्रोत शोधावे लागतात. मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर अनिश्चितता २ मायक्रॉन, k = २ असं लिहिलंय, म्हणजे प्रमाण अनिश्चितता दुप्पट करून दिलीय. ती आधी दोनने भागा. प्रमाण अनिश्चितता १ मायक्रॉन. हे भागणं विसरू नका. सर्टिफिकेटवर दाखवलेली त्रुटी वेगळी असते, तिची दुरुस्ती रीडिंगमध्ये आधीच केलीय असं इथे धरू.

मग तापमान. लांबीच्या मापनाचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस. पिन आणि मायक्रोमीटर दोन्ही स्टीलचे असतील आणि एकाच तापमानाला असतील, तर प्रसरण बरंचसं एकमेकांना छेदतं. पण पिन नुकतीच मशीनवरून आली असेल तर? फरक ३ अंशांपर्यंत असू शकतो असं धरलं, तर २५ मिमी स्टीलसाठी लांबीतला फरक सुमारे ०.८६ मायक्रॉन होतो. या हद्दीत कुठलीही किंमत सारखीच शक्य मानून √३ ने भागायचं, ०.५ मिळतात. डिस्प्लेच्या शेवटच्या अंकासाठी अर्धा मायक्रॉन भागिले √३, म्हणजे ०.२९.

आता ०.४५, १, ०.५ आणि ०.२९ या चारही आकड्यांचे वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ: १.२४ मायक्रॉन. k = २ घेतला की सुमारे २.५. निकाल असा: २५.००८० मिमी ± ०.००२५ मिमी, k = २, विश्वास पातळी अंदाजे ९५ टक्के. वरचं टोक २५.०१०५. मर्यादेच्या बाहेर! ज्या पिनला आपण पास म्हणत होतो, तिच्याबद्दल या मापनावरून खात्रीने ‘आत’ म्हणता येत नाही. ‘बाहेर’ही म्हणता येत नाही.

‘मग रीडिंग वाढवू’ हा सुचणारा पहिला उपाय फसवा आहे. विचलन तेवढंच राहिलं असं धरून शंभर रीडिंग घ्या, ०.४५ चं ०.१ होईल, पण एकूण अनिश्चितता २.५ वरून फक्त २.३ वर येईल, कारण सर्टिफिकेटचा १ मायक्रॉन तसाच राहतो. कमी करायचं तर तोच कमी करावा लागतो. त्याच मापाच्या गेज ब्लॉकशी कंपॅरेटरवर तुलना करा आणि पिन मापनखोलीत पुरेशी निवू द्या.

तयार स्प्रेडशीटमध्ये आकडे भरून अनिश्चितता काढण्याच्या मी ठाम विरोधात आहे, निदान पहिले काही महिने तरी. कुठला स्रोत मोठा आहे हे हाताने मांडल्याशिवाय कळत नाही. आणि ‘हा १ मायक्रॉन कुठून आला?’ असं विचारल्यावर चिडणाऱ्यापेक्षा सर्टिफिकेट काढून दाखवणाऱ्या सीनियरकडे शिका. घाबरू नका. पहिल्या बजेटमध्ये, म्हणजे अनिश्चिततेच्या स्रोतांच्या अशा हिशोबात, एखादा स्रोत राहतोच, पण चार ओळी कागदावर असतील तर तो दुसऱ्याला दिसतो आणि दुरुस्त होतो.

पिनचा निर्णय मात्र तुमच्या एकट्याचा नाही. मर्यादेच्या इतक्या जवळ आल्यावर काय करायचं, याचा नियम ग्राहकाशी आधीच ठरलेला असावा लागतो. तो ठरला नसेल, तर अनिश्चिततेसह निकाल लिहून द्या आणि पास-फेलचा शिक्का मारू नका.